सी-५ वाढलंय, पण त्यातलं नेमकं काय वाढलंय?

एक बाळ डोळ्यांसमोर आणू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब जाड फिल्टर पेपरच्या कार्डावर घेतले, वाळवले आणि प्रयोगशाळेत पाठवले. दोन-तीन दिवसांनी फोन येतो, ‘सी-५ वाढलेलं दिसतंय, बाळाला लगेच घेऊन या.’ इकडे बाळ तर दूध पिऊन गाढ झोपलेलं असतं.

सी-५ हा रक्तातला एक पदार्थ. तो वाढला की संशय येतो आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडीमिया या जन्मजात आजाराचा. प्रथिनांतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल पचवताना शरीर ते पायरीपायरीने मोडतं. या आजारात त्यातल्या एका पायरीवरचं एन्झाइम जन्मतःच निकामी असतं, म्हणून आयसोव्हॅलेरिक आम्ल साचत जातं. तीव्र प्रकारात पहिल्या काही दिवसांतच बाळ दूध तोडतं, उलट्या करतं, सुस्तावतं. अंगाला घामट पायांसारखा वास येतो. वेळीच कळलं तर प्रथिनं मोजून देता येतात, साचलेलं आम्ल बाहेर काढायला मदत करणारं ग्लायसिन आणि कार्निटिन सुरू करता येतं. त्यासाठीच तर ही चाचणी लक्षणं दिसायच्या आधी करतात.

साचलेलं आम्ल बाहेर काढायला शरीर त्याला कार्निटिनची जोड देतं. या आम्लात कार्बनचे पाच अणू, म्हणून या जोडीचं नाव सी-५. प्रयोगशाळेत कार्डाच्या डागातून जेमतेम तीन मिलिमीटरची टिकली कापतात, तिच्यातलं रक्त द्रावणात उतरवतात आणि ते टँडम मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. दोन-तीन मिनिटांत कितीतरी आजारांच्या खुणा एकदम मोजून होतात. पण या यंत्राचं काम तराजूचं आहे. रेणूचं आणि त्याच्या तुकड्याचं वजन त्याला कळतं, आतली मांडणी कळत नाही.

घोळ इथेच होतो. पिव्हॅलिक आम्ल नावाचं दुसरं एक आम्ल आहे. त्यातही कार्बन पाचच, हायड्रोजन आणि ऑक्सिजनही तितकेच. फक्त फांद्या वेगळ्या. कार्निटिनला जोडलं की दोघांचं वजन सारखंच भरतं, आणि यंत्र दोघांनाही सी-५ म्हणून एकाच खात्यात टाकतं.

नवजात बाळाच्या रक्तात हे पिव्हॅलिक आम्ल येतं कुठून? बरेचदा आईच्या औषधातून. लघवीच्या जंतुसंसर्गावर काही देशांत पिव्हमेसिलिनाम हे अँटिबायोटिक देतात. मूळ औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून त्याला पिव्हॅलिक आम्लाची शेपटी जोडलेली असते. शोषलं गेलं की शेपटी तुटते आणि आम्ल मोकळं होतं. बाळंतपणाच्या तोंडावर आईने हे औषध घेतलं असेल, तर ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. बेल्जियममध्ये तर स्तनाग्रांना लावायच्या क्रीममधल्या पिव्हॅलिक आम्लापासून बनलेल्या एका घटकाने सी-५ वाढल्याचं आढळलं होतं. बाळाचं एन्झाइम ठणठणीत, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह.

औषधाचा प्रश्न नसला तरी काही खोट्या घंटा वाजणारच, कारण धोक्याची रेषा मुद्दामच खाली ओढलेली असते. हिशेबापुरतं धरू, लाखात एका बाळाला हा आजार आहे आणि निरोगी बाळांपैकी हजारात एकाचा आकडा रेषेच्या वर जातो. म्हणजे लाख बाळांमागे साधारण १०१ फोन जातील आणि त्यांतलं खरं आजारी बाळ एकच असेल. रेषा वर सरकवली तर फोन कमी होतील हे खरं, पण ते एक बाळही निसटू शकतं. मला विचाराल तर शंभर घरांची झोप उडणं हा त्यातल्या त्यात कमी वाईट पर्याय आहे, अर्थात पुढची तपासणी झटपट होत असेल तरच.

ती होते अशी. त्याच कार्डातून दुसरी टिकली कापून आधी क्रोमॅटोग्राफीच्या बारीक नळीतून सोडतात. सारख्या वजनाचे रेणू तिथून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, त्यामुळे कोण कोणता ते ओळखू येतं. ही सोय असेल तर औषधामुळे वाढलेल्या सी-५साठी घरी फोन करायची वेळच येत नाही. नसेल तर लघवी तपासतात. आजार असेल तर तिच्यात आयसोव्हॅलेरिलग्लायसिन भरपूर सापडतं. नुसत्या औषधाचा परिणाम असेल तर ते वाढलेलं नसतं.

हा रिपोर्ट येईपर्यंत मात्र बाळाला आजार आहे असंच धरून चालतात. बाळ छान दिसतंय म्हणून कुणी थांबत नाही, कारण आजारी बाळही सुरुवातीला छानच दिसू शकतं. दूध कमी झालं, उलटी झाली, उठवूनही जागं होईना, तर रिपोर्टची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

आपल्या बाळाच्या लघवीत आयसोव्हॅलेरिलग्लायसिन वाढलेलं नाही. आईची जुनी चिठ्ठी काढली, तर बाळंतपणाच्या आठवडाभर आधी पिव्हमेसिलिनाम लिहून दिलेलं. काही दिवसांनी पुन्हा घेतलेल्या थेंबात सी-५ रेषेच्या खाली आलेलं असतं.