वाटे जुळतात कधी आणि उरते कोणाचे?

बटईच्या व्यवहारात धान्य निघाल्यावर रास एकच असते आणि दावेदार किमान दोन असतात: एकाची जमीन, दुसऱ्याची मेहनत. वाटा कसा ठरावा यावर अर्थशास्त्राने एक उत्तर सुचवले. प्रत्येक घटकाला त्याच्या शेवटच्या नगामुळे जेवढे उत्पादन वाढले, त्या दराने मोबदला द्यावा. शेवटच्या एकराने वाढवलेले धान्य हा दर एकराचा भाव, शेवटच्या रोजाने वाढवलेले धान्य ही दर रोजाची मजुरी. यालाच सीमांत उत्पादकता म्हणतात. कानाला हे न्याय्य वाटते, पण असे सगळे मोबदले दिल्यावर रास बरोबर संपेल याची हमी कोण देणार? धान्य उरले तर ते कोणाचे, आणि कमी पडले तर कोणाच्या पदरचे?

औसा तालुक्यातले ओलिताचे हरभऱ्याचे शेत डोळ्यांसमोर आणा. जमीन ४ एकर, मेहनत ६४ रोज, म्हणजे एका माणसाचे ६४ दिवस, आणि उत्पन्न ३२ क्विंटल. आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत. जमीन आणि रोज दिले की उत्पन्न सांगणाऱ्या सूत्राला उत्पादन फलन म्हणतात. आपले सूत्र असे: जमिनीचा घन करा, त्याला रोजांनी गुणा, आलेल्या संख्येचे चौथे मूळ काढा आणि त्याची ४ पट करा. ४ चा घन ६४, गुणिले ६४ म्हणजे ४०९६, त्याचे चौथे मूळ ८, आणि ८ चौक ३२.

आता ८ एकर आणि १२८ रोज घालून पाहा. उत्तर येते ६४ क्विंटल. दोन्ही दुप्पट, तर उत्पन्नही दुप्पट. असे फलन समघाती असते: सगळी साधने ज्या पटीत वाढतात, त्या पटीचा ठरावीक घात म्हणजे उत्पन्नाची पट. इथे तो घात १ आहे. सगळी साधने दुप्पट केल्यावर उत्पन्न दुपटीपेक्षा जास्त वाढले तर घात १ पेक्षा मोठा, कमी वाढले तर लहान. पाठ्यपुस्तके ज्याला परिमाणाचे वाढते, स्थिर किंवा घटते फल म्हणतात, ते या एका आकड्यात मावते.

मोबदल्याचा प्रश्नही तोच आकडा सोडवतो. या सूत्रात एक जादा एकर सुमारे ६ क्विंटलच्या दराने भर घालतो आणि एक जादा रोज साडेबारा किलोच्या दराने. दोन्ही साधने फक्त एक टक्क्याने वाढवा. जमीन ०.०४ एकर वाढली, तिचे ०.२४ क्विंटल. रोज ०.६४ वाढले, त्यांचे ०.०८ क्विंटल. एकूण ०.३२, म्हणजे ३२ चा बरोबर एक टक्का. घात १ असल्यामुळे हे असे यायलाच हवे होते. हाच हिशेब शंभरपट करा: जमिनीला ४ गुणिले ६ म्हणजे २४ क्विंटल, मेहनतीला ६४ गुणिले साडेबारा किलो म्हणजे ८ क्विंटल. रास संपली. यामागचे गणित अठराव्या शतकातल्या लिओनार्ड ऑयलरचे. १८९४ साली इंग्लंडमधल्या फिलिप विकस्टीडने वाटणीचा हा नियम मांडला, तेव्हा त्याच्या लांबलचक सिद्धतेऐवजी ऑयलरचे प्रमेय पुरेसे आहे, हे परीक्षण लिहिताना ए. डब्ल्यू. फ्लक्सने दाखवून दिले.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. मेहनतीचा एकूण वाटा चौथा हिस्सा आला, म्हणून चौथ्या हिश्श्याची बटई म्हणजे हीच वाटणी, असे नाही. मजुरीने राबणाऱ्याला शेवटच्या रोजाचे साडेबारा किलो मिळतात. चौथ्या हिश्श्याच्या बटईदाराने एक रोज जास्त घातला तर पिकात साडेबारा किलोंची भर पडते, पण त्याच्या पदरात त्यातले जेमतेम तीन किलो येतात. मग तो आणखी एक खुरपणी कशाला करील?

दुसरा गोंधळ एकरी उताऱ्याचा. लहान शेताचा उतारा जास्त, म्हणून मोठ्या शेतीत घटते फल, असे सर्रास म्हटले जाते. आपल्याच सूत्रात २ एकर आणि तेच ६४ रोज घाला. उत्पन्न सुमारे १९ क्विंटल येते, म्हणजे एकरी साडेनऊ. आधी एकरी ८ होते. घात मात्र तोच, १. बदलले ते जमीन आणि मेहनत यांचे प्रमाण. लहान शेतकऱ्याचे घरच शेतात राबते, म्हणून एकरी रोज जास्त पडतात. घात मोजायचा तर सगळी साधने एकाच पटीत बदलली पाहिजेत.

आणि ‘सगळी’ म्हणताना मराठवाड्यात पहिले विसरले जाते ते पाणी. समजा खरे सूत्र तीन साधनांचे आहे, त्यात जमिनीचा घातांक अर्धा, मेहनतीचा पाव, विहिरीच्या पाण्याचा पाव. बेरीज, म्हणजेच घात, १. शेजारचे शेत घेऊन जमीन आणि रोज दुप्पट केले, पण विहीर तीच राहिली. उत्पन्न ६४ होणार नाही, सुमारे ५४ क्विंटल होईल. ज्याने पाणी मोजलेच नाही, त्याला घात पाऊण दिसेल आणि तो म्हणेल, मोठी शेती परवडत नाही. त्याच्या पहिल्या ३२ क्विंटलच्या वाटणीत जमिनीला १६, मेहनतीला ८ जाऊन ८ क्विंटल उरतील आणि तो त्याला नफा म्हणेल. वास्तविक ते विहिरीचे आहेत. विहीर दुसऱ्याची असती तर पाण्याचा वाटा म्हणून त्याने ते मागितलेच असते. १९५९ साली लायोनेल मॅकेन्झीने हे सर्वसाधारण रूपात मांडले: घटत्या फलामागे न मोजलेले एक साधन मानले, तर घात पुन्हा १ होतो. माझ्या मते घात १ पेक्षा कमी आला की आधी हे राहिलेले साधन शोधावे, निष्कर्ष नंतर काढावा.

घात १ पेक्षा मोठा असला तर अडचण उलटी होते. शेततळ्यात अंथरायचा प्लास्टिक कागद घ्या. तळ्याची लांबी, रुंदी, खोली तिन्ही दुप्पट केली तर कागद चौपट लागतो आणि पाणी आठपट मावते. ४ चा दीडवा घात ८, म्हणून कागदापुरता घात दीड. म्हणजे शेवटच्या एक टक्का कागदाने दीड टक्का पाणी वाढते, आणि प्रत्येक मीटर कागदाला त्या दराने मोबदला द्यायचा तर तळ्यातल्या पाण्याच्या दीडपट पाणी हवे! तेवढे नाहीच. वाढत्या फलात सगळ्यांना सीमांत दराने देणे अशक्य असते. कोणाला तरी कमी घ्यावे लागते किंवा तूट बाहेरून भरावी लागते.

पण तळे हवे तेवढे खोल करता येत नाही. खडक लागतो, खर्च वाढतो. खोली ३ मीटर कायम ठेवा आणि सोयीसाठी भिंती उभ्या धरा. २० बाय २० मीटरच्या तळ्याला ६४० चौरस मीटर कागद लागतो आणि १२०० घनमीटर पाणी मावते. ४० बाय ४० ला २०८० आणि ४८००. कागद सव्वातीन पट, पाणी चौपट, म्हणजे घात सुमारे १.१८. पुढे ८० बाय ८० केले तर हा टप्पा १.१० पर्यंत उतरतो, कारण काठाचा कागद नगण्य होत जातो आणि तळाचा तेवढा उरतो. हे फलन समघाती नाही, त्याला एकच एक घात नाही. तळे जसजसे पसरत जाईल, तसतसा घात १ च्या जवळ येतो आणि कागदाच्या मोबदल्यातली तूटही तशीच कमी होत जाते.