वळण चुकल्यावर मागे का येऊ नये : समृद्धी महामार्गावरील एका नियमाची पार्श्वभूमी

नागपूरकरांच्या पिढ्यांना माहीत असलेले महामार्ग म्हणजे जुना क्रमांक 6 आणि जुना क्रमांक 7, म्हणजेच आजचे 53 आणि 44. या रस्त्यांच्या कडेला गावे आणि ढाबे आहेत, दुभाजकात ठिकठिकाणी मोकळ्या जागा आहेत आणि वळण चुकले तर गाडी थोडी मागे घेऊन वाट धरण्याची सवय तिथे सर्रास रुजलेली आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी शिवमडक्यापासून शिर्डीपर्यंतचा 520 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुरू झाला, तेव्हा हीच सवय ताशी 120 किलोमीटर वेगमर्यादेच्या रस्त्यावर आली. तिथे ती जीवघेणी ठरते.

आपल्या जुन्या कायद्यातही ही सवय पूर्णपणे निषिद्ध नव्हती. 1989 च्या रस्ते नियमावलीत गाडी मागे घेण्यास सरसकट बंदी नव्हती. इतरांना धोका किंवा गैरसोय होणार नाही याची खात्री करावी आणि गाडी वळवण्यासाठी आवश्यक तेवढेच अंतर मागे जावे, एवढीच अट होती. गल्लीत किंवा गावातल्या चौकात ही अट पुरेशी आहे, कारण मागून येणारा सावकाश येत असतो आणि तो दिसतोही.

द्रुतगती मार्गाचे नियम वेगळ्या विचारातून आले. ब्रिटनमध्ये पहिला मोटारवे डिसेंबर 1958 मध्ये प्रेस्टनजवळ खुला झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे मुख्य मार्गिकेवर थांबणे व मागे येणे नियमाने वर्ज्य झाले. 1968 च्या व्हिएन्ना कराराने हेच तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवर मांडले. भारत या करारात 1980 मध्ये सहभागी झाला. आपल्याकडे 1989 ची नियमावली 2017 मध्ये बदलली, आणि 2019 च्या दुरुस्तीने ठरलेल्या दिशेच्या विरुद्ध वाहन चालवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे धरले गेले.

बंदी इतकी कडक का, हे एका उदाहरणाने नीट कळते. समजा, नागपूरहून वर्ध्याला निघालेल्या चालकाचे येळाकेळीचे वळण चुकले, ते 300 मीटर पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आले आणि तो ताशी 10 किलोमीटर वेगाने मागे येऊ लागला. या 300 मीटरला त्याला सुमारे 108 सेकंद लागतील. तेवढ्या वेळात ताशी 120 वेगाची गाडी 3.6 किलोमीटर येते, म्हणजे मागे साडेतीन किलोमीटरवर असलेली, त्याला आरशात दिसूही न शकणारी वाहने त्याचे मागे येणे संपायच्या आत त्याच्यापर्यंत पोहोचलेली असतील. मागच्या चालकाची अडचण तर याहून मोठी आहे. त्याला गाडीची मागची बाजू दिसते, म्हणून ती आपल्याच दिशेने पुढे चालली आहे असे त्याचे मन गृहीत धरते. ती जवळ येत आहे हे उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरली, तरी 80 मीटरहून अधिक अंतर संपते. रस्त्याची आखणी करताना या वेगाला पूर्ण थांबण्यासाठी सुमारे 250 मीटर धरले जातात. पावसात ते आणखी वाढते.

माझ्या मते अशा चुकीचे मूळ बहुतेक वेळा आधीच्या मार्गिकेत असते. दुभाजकालगतची मार्गिका ओव्हरटेक करण्यासाठी आहे, पण काही जण तिथेच रमतात आणि वळणाची पाटी दिसेपर्यंत डावीकडे यायला जागा उरत नाही. ज्याला बाहेर पडायचे आहे त्याने पाट्या सुरू होताच डावीकडच्या मार्गिकेत यावे.

अकारण थांबणेही याच कारणाने वर्ज्य आहे. महामार्गावर पूर्वसूचना न देता अचानक ब्रेक लावणाऱ्या कारचालकावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये अपघाताची 50 टक्के जबाबदारी ठेवली. सोबतच्या पत्नीला मळमळत होते, हे कारण न्यायालयाने पुरेसे मानले नाही. गाडी खरोखरच बंद पडली, तर शक्य तेवढी डावीकडच्या कडेपट्टीवर न्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, सर्वांनी डाव्या दारातून उतरून क्रॅश बॅरियरच्या पलीकडे उभे राहावे आणि तिथून मदतीला फोन करावा. सावलीसाठी गाडीत किंवा गाडीमागे बसणे मात्र धोक्याचे आहे. परावर्तक त्रिकोण 50 मीटरवर ठेवला, तर ताशी 120 वेगाने येणाऱ्याला तिथून गाडीपर्यंत दीड सेकंदच मिळतो; म्हणून वाहतुकीकडे तोंड करून, कडेपट्टीच्या बाहेरून चालत जाऊन तो बराच मागे ठेवावा, आणि ते सुरक्षितपणे जमत नसेल तर ठेवूच नये.

येळाकेळी चुकलेल्या चालकापुढे एकच मार्ग उरतो : विरूळच्या इंटरचेंजला बाहेर पडून परत वर्ध्याकडे यायचे, आणि त्यासाठी लागणारा जादा टोल व डिझेल सोसायचे.