जलवाहिनीच्या पोटात किती लिटर?

पिण्याच्या पाण्याची नवी वाहिनी टाकून झाली की ती वापरात आणण्यापूर्वी क्लोरीनमिश्रित पाण्याने पूर्ण भरून निर्जंतुक करावी लागते. क्लोरीन किती लागेल, हे वाहिनीत पाणी किती मावते यावर ठरते. हा हिशोब शाळेत शिकलेल्या वृत्तचितीच्या घनफळाचाच आहे, पण तो प्रत्यक्षात चुकतो तेव्हा बहुधा गुणाकार चुकलेला नसतो. व्यासच चुकीचा धरलेला असतो.

आधी सूत्र पाहू. व्यास मिलिमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये घेतली, तर व्यासाचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि १२७३ ने भागावे. उत्तर थेट लिटरमध्ये येते. १२७३ हा आकडा म्हणजे चार हजार भागिले पाय. एकके बदलण्याची सगळी कटकट त्यातच उरकलेली असल्यामुळे कामाच्या जागी तो फार सोयीचा पडतो.

आता ११० मिलिमीटरच्या पॉलिएथिलीन पाइपची १,२०० मीटर लांब वाहिनी घ्या. हे ११० मिलिमीटर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास, कारण प्लास्टिकचे दाबाचे पाइप सहसा बाहेरच्या व्यासावरून ओळखले जातात आणि दाब सोसण्याची क्षमता वाढवायची असेल, तर भिंत आतल्या बाजूने जाड केली जाते. पाइपवर ‘SDR 11’ असे छापलेले असेल, तर बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे भिंत १० मिलिमीटरची. ती दोन्ही बाजूंना असल्यामुळे ११० मधून २० वजा करायचे आणि आतला व्यास ९० मिलिमीटर धरायचा. जाडी एकदाच वजा करून १०० धरणारेही कमी नाहीत.

नव्वदचा वर्ग ८,१००. त्याला १२७३ ने भागले की मीटरमागे ६.३६ लिटर येतात आणि १,२०० मीटरमध्ये साधारण ७,६३० लिटर. हाच हिशोब ११० धरून केला, तर उत्तर ११,४०० लिटरच्या घरात जाते. व्यासात फरक वीस-बावीस टक्क्यांचाच, पण त्याचा वर्ग होत असल्यामुळे पाण्याचा आकडा जवळपास दीडपट फुगला. लांबीच्या बाबतीत मात्र काळजी कमी. दहा मीटरला एक मीटर असा चांगलाच चढ असला, तरी नकाशावर मोजलेली लांबी आणि पाइपची खरी लांबी यांत अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो.

पाइपवरचा छाप पुसला गेला असेल, तर कापलेल्या तोंडाशी आतला व्यास मोजण्याचा मोह होतो. पॉलिएथिलीनचा पाइप कापल्यावर त्याची कड किंचित आत वळते, त्यामुळे तिथले माप खऱ्यापेक्षा लहान येते. त्यापेक्षा तोंडापासून थोडे मागे फितीने परीघ मोजून त्याला ३.१४ ने भागावे, भिंतीची जाडी कॅलिपरने तीन-चार ठिकाणी घ्यावी आणि सरासरी जाडीची दुप्पट वजा करावी. जुन्या लोखंडी वाहिनीत आतून गंजाचे पापुद्रे साचलेले असतात, त्यामुळे तिथे पाइपच्या तक्त्यातला व्यास वापरून चालत नाही. शंभर मिलिमीटरच्या पाइपात सगळीकडून आठ मिलिमीटरचा थर बसला, तर २९ टक्के जागा गेलेली असते.

क्लोरीनकडे वळू. प्रचलित पद्धतीत लिटरमागे २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी वाहिनीत २४ तास कोंडून ठेवतात. आपल्या ७,६३० लिटरना त्या हिशोबाने सुमारे १९१ ग्रॅम क्लोरीन लागते. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण दहा टक्क्यांचे, म्हणजे लिटरमागे १०० ग्रॅम क्लोरीनचे असेल, तर १.९ लिटर पुरते. पण उन्हात पडून राहिलेल्या कॅनमध्ये तीच ताकद सहा टक्क्यांवर आलेली असू शकते आणि मग जवळपास ३.२ लिटर लागतात. कॅनवरचा आकडा भरण्याच्या दिवसाचा असतो, म्हणून वापरण्यापूर्वी द्रावण तपासून घेतलेले बरे.

हे दोन लिटर वाहिनीच्या तोंडाशी एकदम ओतले, तर काम होत नाही. लांब पाइपातले पाणी हौदातल्यासारखे ढवळले जात नाही, ते गाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक पुढे सरकते. सुरुवातीला ओतलेले क्लोरीन पहिल्या काही मीटर पाण्याबरोबर दुसऱ्या टोकाकडे निघून जाते आणि मागून येणारे पाणी कोरेच राहते. म्हणून द्रावण भरणाऱ्या पाण्यात अखंड, प्रवाहाच्या प्रमाणात सोडावे लागते. पाणी सेकंदाला ०.३ मीटर अशा संथ वेगाने भरले, तर १,२०० मीटरना ४,००० सेकंद, म्हणजे ६७ मिनिटे लागतात. (वेग ठरला की वेळ फक्त लांबीवर ठरतो, व्यासाचा संबंध राहत नाही.) तेवढ्या वेळात १९१ ग्रॅम सोडायचे, म्हणजे मिनिटाला २.९ ग्रॅम. द्रावण पाणी घालून एक टक्क्याचे केले, तर मिनिटाला सुमारे २८६ मिलिलिटर सोडायचे आणि एकूण १९ लिटर लागायचे. टोकाला क्लोरीन पोहोचल्याची खात्री होईपर्यंत पाणी थोडे वाहू द्यावे लागते, त्यामुळे बावीस-तेवीस लिटर तयार ठेवणे शहाणपणाचे.

संथ भरण्यामागे आणखी एक कारण आहे, ते हवेचे. वाहिनी सखल टोकाकडून भरायची आणि उंचवट्यांवरचे एअर व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे, म्हणजे हवेला पुढे सरकून बाहेर पडायला वेळ मिळतो. घाई केली, तर पाणी उंचवट्यावरच्या हवेखालून निसटून पुढे जाते आणि दुसऱ्या टोकाला धार लागल्यामुळे वाहिनी भरल्यासारखी दिसते.

हे ओळखता येते ते आधी काढलेल्या लिटरच्या आकड्यावरून. भरण्यापूर्वी आणि टोकाला अखंड धार लागताच वॉटर मीटरचे आकडे टिपून ठेवावेत. समजा ७,६३० ऐवजी ७,१५० लिटरच गेले. ४८० लिटर कमी, म्हणजे जवळपास ७५ मीटर पाइपभर हवा आत अडकलेली आहे आणि निदान तेवढ्या भागात भिंतीच्या वरच्या अंगाला क्लोरीनचे पाणी लागलेलेच नाही. फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल, तर तो मीटरचा किंवा पाइपचा असू शकतो, कारण भिंत नेमलेल्या जाडीपेक्षा पातळ ठेवण्याची कारखान्याला मुभा नसते, जाड ठेवण्याची असते. सहा टक्के मात्र हवेचेच समजावेत आणि व्हॉल्व्ह पुन्हा तपासावेत. उलट मीटरने ८,४०० दाखवले, तर एखाद्या फाट्याचा व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा सांधा गळतो आहे.

चोवीस तासांनंतर दोन्ही टोकांचे आणि फाट्यांचे नमुने घेऊन प्रत्येकात लिटरमागे निदान १० मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे का, हे पाहतात. त्याहून कमी भरले, तर वाहिनीत घाण राहिलेली असते किंवा तिथवर मात्राच पोहोचलेली नसते. दोन्ही बाबतीत वाहिनी धुऊन पुन्हा भरावी लागते. क्लोरीनचे पाणी बाहेर काढतानाही तोच आकडा कामी येतो: ७,६३० लिटर सोडल्यावर वाहिनीतले पाणी जेमतेम एकदा बदललेले असते आणि भिंतीलगतचे पाणी मधल्या पाण्यापेक्षा सावकाश सरकत असल्यामुळे दोन-तीन वाहिन्यांएवढे पाणी सोडावे लागते. ते ओढ्यात सोडायचे असेल, तर आधी सोडियम थायोसल्फेट घालून त्यातले क्लोरीन मारावे लागते. माशांना याहून कितीतरी कमी क्लोरीनही सोसत नाही.