आवाजावर फोन लावणे व घेणे

पडद्याकडे न पाहता, नुसते बोलून फोन लावण्याची आणि आलेला फोन घेण्याची सोय. निवृत्तीनंतर काचबिंदूने किंवा मधुमेहामुळे दृष्टिपटल खराब होऊन नजर गेली, की पडदा वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकसारख्या सोयीतल्या बोटांच्या खुणा नव्याने शिकणे अनेकांना जड जाते. तोंडाने बोलायचे वाक्य त्या मानाने लवकर अंगवळणी पडते. मात्र फोन लावणे, घेणे आणि ठेवणे ही तीन कामे आवाजाला सारखी साधत नाहीत. लावणे सर्वांत सोपे, ठेवणे सर्वांत अवघड. येथे अँड्रॉइड फोन व गूगलचा आवाजी मदतनीस गृहीत धरला आहे.

सुरुवातीला डोळस माणसाची एक बैठक लागते. Voice Match या सेटिंगमध्ये वापरणाऱ्याने ‘ओके गूगल’ काही वेळा म्हणून आपला आवाज ओळखीचा करून द्यायचा. कुलूपबंद फोनवरही हाक ऐकली जावी, अशी परवानगी तिथेच तपासावी. पुढे ‘ओके गूगल, कॉल सुनीता’ एवढे पुरते. ‘ऑन स्पीकर’ जोडले की फोन कानाशी नेण्याचीही गरज नाही. मदतनीस मराठीत लावता येतो, पण मराठीत नाव विभक्तीने बदलते. यादीत ‘भाऊ’ असते आणि आपण ‘भावाला फोन लाव’ म्हणतो, तेव्हा जुळणी चुकू शकते. ‘कॉल भाऊ’मध्ये नाव आहे तसे राहते.

खरी मेहनत नावांच्या यादीवर आहे. समजा, एका आजोबांच्या यादीत ‘Sanju’, ‘Sanju Jio’ आणि ‘Sanjay Gas’ अशी तीन नावे आहेत. ‘कॉल संजू’ म्हटल्यावर फोन विचारतो, कोणता? पर्याय पडद्यावर उमटतात, सगळे वाचून दाखवले जातीलच असे नाही. आजोबा विचारात पडतात, तेवढ्यात फोन ऐकणे थांबवतो. उपाय यादीतच करायचा. संजूचा बंद पडलेला जुना नंबर काढून टाकायचा, मुलाला ‘धाकटा संजू’ म्हणायचे आणि तिसऱ्याला सरळ ‘गॅसवाला’. एका नावाखाली एकच नंबर ठेवावा; दोन असले की मोबाइल की घर, हा प्रश्न पुन्हा येतो. नावांतली टिंबे, चित्रे आणि आद्याक्षरेही काढावीत. मग प्रत्येक नाव तीनदा उच्चारून पाहावे, तेही पंखा चालू असलेल्या नेहमीच्या खोलीत. एकदाही चुकले तर नाव बदलावे. आजोबांचा उच्चार सुधारत बसू नये.

फोन घेताना आधी कोणाचा आहे हे कळले पाहिजे. गूगलच्या Phone ॲपमध्ये Caller ID announcement हे सेटिंग Always केले, की घंटेबरोबर नाव ऐकू येते. सॅमसंगमध्ये हीच सोय Read caller names aloud या नावाने आहे. यादीत नसलेल्या माणसाचे नाव बहुधा येत नाही, नुसता नंबर येतो; अनोळखी फोन ओळखायला ही खूण उपयोगी पडते. नाव ऐकल्यावर ‘ओके गूगल, आन्सर द कॉल’ म्हणायचे. इथे बहुतेकांची अडचण एकच असते: घंटा इतकी मोठी ठेवलेली की तिच्या आवाजात माइकला हाक ऐकूच जात नाही. कमी दिसते म्हणून घंटा मोठी, हे घरोघरी होते. ती मध्यम करावी, गाण्याऐवजी साधी टिंगटिंग निवडावी आणि फोन उशीखाली न ठेवता उघड्यावर ठेवावा. तरीही हुकले आणि टॉकबॅक चालू असेल, तर पडद्यावर कुठेही दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की फोन घेतला जातो.

फोन आपोआप उचलला जाण्याचीही सोय असते. आयफोनमध्ये Auto-Answer Calls चालू केले की ठरवलेल्या सेकंदांनंतर फोन घेतला जातो. सॅमसंगमध्ये ते हेडसेट किंवा ब्लूटूथ जोडलेले असतानाच होते. पण यात नको त्याचाही फोन उचलला जातो आणि घरातले बोलणे त्याच्या कानी पडते. एकट्याने राहणाऱ्याला मी ही सोय सुचवणार नाही.

संभाषण चालू असताना माइक त्यातच गुंतलेला असतो, म्हणून अँड्रॉइडवर आवाजाने फोन ठेवण्यावर विसंबू नये. आयफोनमध्ये 2022 च्या आयओएस 16 पासून ‘हे सिरी, हँग अप’ चालते. तेही सेटिंगमध्ये सुरू करावे लागते आणि समोरच्याला ते ऐकूही जाते. अँड्रॉइडच्या सुलभता विभागात Power button ends call हा पर्याय मिळतो. तो लावला की कडेचे बटण दाबून फोन ठेवता येतो. ते बटण बोटाला सापडावे म्हणून कव्हरवर त्याच्या शेजारी टिकलीएवढा खडबडीत स्टिकर चिकटवतात.