गूगलवरचा 100 हा आकडा आणि बिटकॉइनचं शिखर

लोक गूगलवर कोणता शब्द किती शोधतात हे दाखवणारं गूगल ट्रेंड्स 2006 साली सुरू झालं. त्याआधी बाजारातल्या गर्दीचा मूड ओळखायला लोक मासिकांची मुखपृष्ठं आणि गुंतवणूकदारांची सर्वेक्षणं बघायचे, नाहीतर बाजाराशी संबंध नसलेले नातेवाईकही शेअरच्या टिप्स मागायला लागले का, एवढं पाहायचे. सर्वेक्षणात माणूस स्वतःविषयी जे सांगतो ते खरं असेलच असं नाही, पण शोधपेटीत तो जे टाइप करतो त्यात सहसा आव नसतो. या एका फरकामुळे शोधांच्या आकड्यांवर बाजार-संशोधकांची नजर गेली.

2010 साली ट्विटरवरच्या शब्दांमधून समाजाचा मूड मोजून डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकाची दिशा सांगता येते, असा दावा करणारा शोधनिबंध गाजला. त्याच्या जोरावर लंडनमध्ये एक फंडही निघाला आणि फार काळ न टिकता बंद पडला. त्यामानाने कमी गाजलेला 2011 चा एक अभ्यास जास्त भक्कम होता. त्यात अमेरिकी शेअरना बाजारात दिलेल्या छोट्या अक्षरी चिन्हांचे गूगल-शोध तपासले होते. शोध वाढले की पुढचे दोनेक आठवडे भाव चढायचा, आणि वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरून जायचा. शोध घेणारा बहुतेक वेळा किरकोळ गुंतवणूकदार असतो. कुतूहल म्हणून आधी शोधतो, मग विकत घेतो. म्हणजे हा आकडा खरेदीला येऊ घातलेल्या नव्या पैशाची चाहूल देतो, पण तो पैसा कधी आटणार हे त्यातून कळत नाही.

बिटकॉइनच्या 2017 मधल्या तेजीत ही मर्यादा अगदी उघडी पडली. ती समजायला आधी आकड्याची रीत लक्षात घ्यावी लागते. ट्रेंड्स शोधांची प्रत्यक्ष संख्या देत नाही. निवडलेल्या काळातलं सगळ्यात मोठं प्रमाण म्हणजे 100 धरतं आणि बाकीचं सगळं त्या हिशेबात लहान करून दाखवतं. मे 2017 मध्ये भाव 2,000 डॉलरवर गेला तेव्हा `bitcoin` या शब्दाचा शोध 2013 च्या उधाणालाही मागे टाकून गेला होता. त्या दिवसांत आलेख उघडणाऱ्याला शेवटचा बिंदू 100 वर दिसला असणार. ‘गर्दी झाली, आता विका’ म्हणून जो बाहेर पडला, त्याला नोव्हेंबरच्या अखेरीस 10,000 डॉलरचा भाव लांबून बघावा लागला. नोव्हेंबरातही शेवटचा बिंदू 100 च होता. आज तोच आलेख उघडा: मे महिना तळाशी एखाद्या टेकाडाएवढा दिसतो आणि डिसेंबरचा सुळका एकटा उभा. मागे वळून पाहणाऱ्याला हे शिखर फार सोपं वाटतं, आणि समाजमाध्यमांवर फिरणारी बहुतेक ‘बघा, किती अचूक’ चित्रं याच सोयीतून आलेली असतात.

आता तो सुळका जवळून बघू. सगळ्या जगाच्या आठवडी आकड्यांत 100 हा मान 17 ते 23 डिसेंबर 2017 या आठवड्याला आहे. भावाचं शिखर, 20,000 डॉलरच्या जरा खाली, आलं 17 तारखेला, रविवारी. म्हणजे आठवड्याच्या पहिल्याच दिवशी. शुक्रवारी, 22 तारखेला, जोरदार विक्री झाली आणि भाव काही तासांत 12,000 च्याही खाली जाऊन आला. आठवड्याचा आकडा पुरा होईपर्यंत पडझड होऊन गेली होती. शिवाय त्या एकाच 100 मध्ये रविवारी ‘कसं घ्यायचं’ विचारणारेही आहेत आणि शुक्रवारी ‘का पडलं’ विचारणारेही. हाव आणि भीती यांची बेरीज एकाच खात्यात जमा होते, म्हणून याला मूड म्हणणं मला थोडं धाडसाचं वाटतं, लक्ष म्हणावं. (सरकारी इशाऱ्यांचाही क्रम बघण्यासारखा आहे: रिझर्व्ह बँकेने 5 डिसेंबरला पुन्हा सावध केलं, अर्थ मंत्रालयाने पॉन्झी योजनांशी तुलना केली ती 29 तारखेला.)

उशीर होण्याचं कारण साखळीत आहे. भाव उसळतो, त्याची बातमी होते, बातमी वाचून शोध घेतला जातो, काहीजण खरेदी करतात, भाव आणखी चढतो आणि पुन्हा बातमी. 2013 च्या एका अभ्यासात बिटकॉइनबाबत हे नातं दुहेरी असल्याचं दिसलं होतं: भाव आपल्या नेहमीच्या पातळीच्या वर असताना वाढतं लक्ष त्याला आणखी वर ढकलतं, खाली असताना आणखी खाली. ही साखळी तुटते ती नवा माणूस येणं थांबलं की, आणि न आलेल्या माणसाची नोंद कुठल्याच आकड्यात लगेच होत नाही.

तळाशी तर हे मापक जवळजवळ मुकंच होतं. डिसेंबर 2018 मध्ये भाव 3,200 डॉलरच्या आसपास आला तेव्हा शोध वर्षभरापूर्वीच्या शिखराच्या मानाने अगदीच किरकोळ उरले होते, आणि तशी शांतता त्याआधी कितीतरी आठवडे होती. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये भाव 69,000 डॉलरपर्यंत चढून पुन्हा कोसळला, पण शोध 2017 च्या जवळपासही पोचले नाहीत. ज्यांना बिटकॉइन म्हणजे काय हे चार वर्षांपूर्वीच कळलं होतं, ते आता गूगलला न विचारता थेट आपलं ॲप उघडत असावेत.