चंदेरी सिल्क-कॉटन आणि चंदेरी टिश्यू: सगळा फरक आडव्या धाग्याचा

दुकानात दोन चंदेरी शेजारीशेजारी उलगडल्या, की दोन्ही सारख्याच झिरझिरीत, हलक्या आणि चमकदार दिसतात. त्यात रुंद जरीकाठाच्या साध्या सिल्क-कॉटनलाही विक्रेते बिनदिक्कत 'टिश्यू' म्हणतात. घरी आणल्यावर मात्र या दोघींना एकाच पद्धतीने सांभाळता येत नाही.

दोन्हींचा ताणा, म्हणजे साडीच्या लांबीत जाणारा उभा धागा, रेशमाचाच असतो. चंदेरीत हे रेशीम जवळपास बिनपिळाचं वापरतात आणि त्यावरचा नैसर्गिक डिंक काढत नाहीत. तो पारदर्शकपणा आणि किंचित करकरीत स्पर्श त्यामुळेच येतो. फरक आहे तो बाण्यात. सिल्क-कॉटनला आडवा धागा बारीक सुताचा असतो. टिश्यूत तिथे जर येते, कधी पूर्ण, कधी सुताच्या धाग्याआड एक. म्हणून टिश्यूचं सगळं अंग चमकतं आणि साडी हलवली की रंग बदलल्यासारखा वाटतो.

खात्री करायची तर ब्लाऊजपीसच्या कापलेल्या कडेतून दोन-चार आडवे धागे ओढून काढा. सूत असेल तर ते निस्तेज आणि मऊ दिसेल. जर असेल तर नखाने खरवडल्यावर वरची चपटी पट्टी सुटते आणि आतला धागा उघडा पडतो. पट्टी धातूची की प्लास्टिकची, हेही त्याच तुकड्यावर कळतं: ज्योतीजवळ नेल्यावर प्लास्टिक आक्रसून गोळी होते. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण गरम इस्त्रीखाली प्लास्टिकची जर अशीच आक्रसते.

धुण्यात सिल्क-कॉटन बरीच सोशिक आहे. पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग उतरत नाही हे पाहिलं, की थंड पाण्यात थोडा रिठा किंवा सौम्य द्रव साबण घालून ती दोन-तीन मिनिटांत काढता येते. भिजत घालायची नाही, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. गरम पाणी मात्र नको, कारण त्याने रेशमाचा डिंक सुटू लागतो आणि साडी लुळी पडते. टिश्यूला घरी पाणी लावूच नये. सूत ओलं होऊन आटतं, जर आटत नाही, त्यामुळे मिश्र बाण्याची साडी चुण्या पडल्यासारखी आवळते. हाताने दाबलं तरी जरीला मोड पडतात, आणि ते इस्त्रीने पूर्ण जात नाहीत. नेसून झाल्यावर सावलीत काही तास वाऱ्यावर ठेवा आणि गरजेपुरतंच ड्रायक्लीन करा. घाम आणि अत्तर हे धातूच्या जरीचे वैरी. अत्तर साडी नेसण्याआधीच लावून वाळू द्यावं.

खरी गोम घडीत आहे. साडीची रुंदी आपण मधोमध दुमडतो तेव्हा मोड साडीच्या लांबीभर पडतो आणि वाकतो तो प्रत्येक आडवा धागा. सूत हे वर्षानुवर्षं सोसतं. जर सोसत नाही. तार पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली की तुटते, तसंच इथे होतं. टिश्यू साड्या बहुतेकदा याच मधल्या रेषेवर चिरतात. म्हणून टिश्यू रुंदीत न दुमडता कापडाच्या ठाणातल्या पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून, साडी लांबीच्या दिशेने गुंडाळत जावी. असं केलं की वाकतं फक्त रेशीम आणि जर सरळ राहते. रुंदी साधारण ४५ इंच, तेवढी नळी कपाटात मावत नसेल तर रुंदीचे तीन भाग करा, प्रत्येक मोडात मऊ सुती कापडाची सुरळी ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी मोडाची जागा बदला.

नेसतानाही हेच गणित लागू पडतं. कमरेच्या निऱ्यांमध्ये मोड आडव्या धाग्याला समांतर पडतो, म्हणजे रेशीम वाकतं; ते चालतं. पदराच्या निऱ्या मात्र थेट जरीलाच मोडतात. माझ्या मते टिश्यूचा पदर मोकळाच सोडावा. पिन लावायचीच असेल तर ती काठावर, आतून कापडाचा तुकडा धरून लावावी. विरळ अंगात पिन टोचली की धागे बाजूला सरकतात आणि भोकाभोवती जाळी पडते.

बांगडीत अडकून धागा ओढला गेला, तर लूप कापू नका. सिल्क-कॉटनमध्ये ओढला गेलेला आडवा धागा बहुधा परत बसतो: बोथट सुईने लूप मागच्या बाजूला घ्या आणि दोन्हीकडचं कापड बोटांनी हळूहळू कुरवाळा. टिश्यूत लूप मागे नेता येतो, पण पट्टी उलगडली असेल तर तिथे फिकी रेघ राहतेच. आणि अडकलेला धागा उभा, म्हणजे रेशमाचा असेल, तर दोन्ही साड्या सारख्याच नाजूक आहेत. तो तुटला तर ओढाताण न करता रफूवाल्याकडे न्या.