कोयनेचा भूकंप सातवीतल्या मुलीला सांगून पाहा

कोयनेला भूकंप का होतात, असं पाटण-कराडकडे विचारलं की उत्तर तयार असतं: धरणात पाणी साठलं, त्याचा भार जमिनीवर आला. थोडं जास्त वाचलेला माणूस ‘रंध्रदाब’ म्हणतो आणि विषय संपवतो. यातलं खरंच कुणाला किती कळलंय, हे तपासायला एक अट पुरते. हेच सातवीतल्या मुलीला जड शब्द न वापरता सांगायचं, आणि तिनं दर वाक्याला ‘म्हणजे कसं?’ विचारलं की पुढचं वाक्य सापडलं पाहिजे.

आधी भाराचं उत्तर घेऊ. मुलगी विचारेल, ‘भार म्हणजे किती?’ दहा मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो असतो. भिंतीजवळ ८० मीटर पाणी आहे असं धरलं तर दाब झाला आठ किलो. आता पाच किलोमीटर खाली जाऊ, कारण इथले धक्के साधारण तेवढ्या खोलीवरून येतात. खडक पाण्याच्या पावणेतीन पट जड, म्हणजे तिथं वरच्या खडकाचाच दाब सुमारे १,३५० किलो. त्यात आठची भर! शिवाय भूकंप म्हणजे खडकातल्या फटीच्या दोन बाजू एकमेकींवरून अचानक घसरणं; वरून दाबलं तर त्या एकमेकींवर आणखी घट्ट बसतील, घसरतील कशाला? भार काहीच करत नाही असं नाही, पण नुसत्या भारावर हे उत्तर उभं राहत नाही, आणि ते आकडा मागेपर्यंत लक्षात येत नाही.

मग दुसरं उत्तर पुढे येतं: पाणी फटीत मुरतं, तेलासारखं काम करतं, खडक घसरतो. हे सोपं आहे, मुलीला पटतंही. पण चूक आहे, आणि सोपं करण्यातला खरा धोका हाच. खोलवरच्या फटी धरण नव्हतं तेव्हाही ओल्याच होत्या. ओल आधीपासून आहे, तर धरणानं नवीन काय आणलं?

नवीन आणला तो दाब. गरम आमटीची वाटी ओल्या ओट्यावर ठेवली की ती कधी कधी आपोआप सरकते. बुडाच्या कडेखाली अडकलेली हवा तापते, फुगते आणि वाटीचं थोडं वजन स्वतः पेलते. ओट्यावर तेवढं वजन कमी पडतं, घर्षण कमी होतं. फटीतलं पाणीही असंच करतं. ते दोन्ही बाजूंना आतून रेटतं, त्यामुळे त्या एकमेकींवर दाबलेल्या असतात तो जोर घटतो. खडकाचा खरखरीतपणा होता तसाच राहतो. ‘रंध्रदाब’ या शब्दामागे एवढीच गोष्ट आहे. फरक इतकाच की वाटीत दाब उष्णतेनं येतो, इथे वरच्या जलाशयाच्या उंचीनं.

मुलगी हुशार असेल तर आता अडवेल: ‘पण तो दाब तर आठच किलो ना?’ बरोबर, आणि खोलवर पोचेपर्यंत त्याहूनही कमी. म्हणून एक दुवा राहतो, जो बहुतेकजण सांगायचं विसरतात. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जातोय, त्या ताणानं ही फट आधीच घसरायच्या बेतात आलेली होती. धरणानं शेवटचा हलका धक्का दिला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवलं जाऊ लागलं, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची ऊर्जा धरणाच्या पाण्यातून आलेली नव्हती, ती खडकात साठलेली होती. ताण नसलेल्या जागी तेवढंच धरण भरलं तरी मोठं काही होत नाही. बहुतेक धरणांखाली मोठे भूकंप होत नाहीत ते यामुळेच.

हे स्पष्टीकरण टिकतं का, हे मुलीनं मान डोलावल्यावरून ठरत नाही. त्यातून पुढचं काही ओळखता यावं. भारच सगळं करत असता, तर धरण भरलं की लगेच धक्के वाढायला हवे होते. दाब मात्र फटींमधून हळूहळू झिरपत जातो, म्हणून उशीर अपेक्षित आहे. कोयनेत पाणी जुलै-ऑगस्टमध्ये चढतं, धक्क्यांची वाढ बहुधा सप्टेंबरात आणि पुन्हा डिसेंबराच्या सुमारास दिसते.

‘मग पुढचा मोठा कधी?’ हा तिचा शेवटचा प्रश्न असणार. त्यासाठी पाच किलोमीटर खाली आत्ता दाब किती आणि ताण किती, हे मोजलेलं असावं लागतं. कराडजवळच्या भूभौतिकी संशोधन केंद्रानं याच दिशेनं गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विवर खोदलं. वरचा काळा बेसॉल्ट तिकडे किलोमीटरभर जाडीचा आहे, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो, आणि धक्के त्याच खडकात होतात. तारीख अजून कुणालाच सांगता येत नाही. तिला तसंच सांगावं.